व्हीआरएसचे 14 लाख: पाच लाखांची सूट घ्यावी की कलम 89 चा रिलीफ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझे वडील सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत 24 वर्षे होते. मार्च 2025 मध्ये, 54 व्या वर्षी, त्यांनी व्हीआरएस घेतली. निवृत्तीला अजून चार वर्षे होती. भरपाई 14 लाख मिळाली. त्यातले 5 लाख कंपनीने कलम 10(10सी) खाली करमुक्त धरलेत, फॉर्म 16 मध्ये तसं दिसतं. उरलेले 9 लाख पगारात मिळवल्यामुळे कर बराच वाढलाय.

आमचे कर सल्लागार म्हणतात, 10ई फॉर्म भरून या 9 लाखांवर रिलीफ घेऊ. मला मात्र ते पटत नाही. माझ्या माहितीप्रमाणे एकाच भरपाईवर सूट आणि रिलीफ दोन्ही मिळत नाहीत. सूट घेतली की कलम 89 बंद. चुकीचा दावा केला तर पुढे नोटीस येणार, आणि वडिलांना त्या वयात तो ताप नको.

रिलीफच्या हिशोबात भरपाईचा एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे 4.67 लाख, मागच्या तिन्ही वर्षांच्या उत्पन्नात मिळवून सरासरी दर काढतात. मागच्या वर्षांतही वडिलांचा पगार बऱ्यापैकी होता, त्यामुळे फरक थोडाच पडेल आणि पाच लाखांची सूटच भारी ठरेल, असं मला वाटतं.

कुणी दोन्ही हिशोब मांडून पाहिलेत का? आणि फॉर्म 16 मध्ये सूट दाखवली असताना रिटर्नमध्ये ती सोडून रिलीफ मागितलेला कुणाचा मंजूर झालाय का?