फ्लॉवर-बटाटा ट्रेवर: शिजला, पण खरपूस झाला नाही

(खारघरमधल्या एका सोसायटीचा खाण्यापिण्याचा ग्रुप, रविवार)

सुजाता, बी-१४०२ (दु. १२:४०)
ओव्हनवाल्यांनो, जरा मदत. फोटो टाकलाय. फ्लॉवर-बटाटा ट्रेवर भाजायला ठेवला होता. ४० मिनिटं झाली, सगळं मऊ झालं, पण रंग पांढराच. खाली पाणी सुटलंय. पाहुणे रात्री ८ ला येणार आहेत, हे त्यांना वाढण्यासारखं नाही 😕

पाटीलकाका, ए-२०१ (दु. १२:४४)
याला आमच्याकडे वाफवलेली भाजी म्हणतात.

मेधाकाकू, ए-६०३ (दु. १२:४९)
काका चिडवतायत, पण निदान बरोबर आहे. सुजाता, एवढं सांग: ओटीजी किती लिटरचा, तापमान किती ठेवलंस, भाज्या किती ग्रॅम आणि किती वेळा हलवलंस?

सुजाता, बी-१४०२ (दु. १२:५३)
२८ लिटर. १८०. बटाटे अर्धा किलो, फ्लॉवरचा गड्डा ६०० ग्रॅमचा, पानं-दांडा काढून ४०० राहिला. सगळं एकाच ट्रेमध्ये. फ्लॉवर मिठाच्या पाण्यात ठेवला होता, अळी असली तर निघावी म्हणून. निथळून लगेच तेल लावलं. दर पाच मिनिटांनी हलवत होते, खाली लागू नये म्हणून.

मेधाकाकू, ए-६०३ (दु. १:०२)
चारही गोष्टी एकाच ठिकाणी अडल्यात: पाण्यावर. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं, फ्लॉवरमध्ये ९२ च्या आसपास. म्हणजे तुझ्या ९०० ग्रॅम भाजीत जवळपास पाऊण लिटर पाणी आहे. ते सगळं बाहेर पडत नाही, पण वरचा थर कोरडा झाल्याशिवाय रंग येत नाही. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जातच नाही, आणि तांबूस रंग, ती भाजल्याची चव, हे १४० च्या पुढे नीट सुरू होतं. तुकडे एकमेकांना चिकटून बसले की एकाची वाफ दुसऱ्याला लागते. मग ओव्हनमध्ये ठेवूनही भाजी मोदकपात्रात ठेवल्यासारखीच होते.

ट्रे मोज बरं. आतलं माप.

सुजाता, बी-१४०२ (दु. १:०६)
३१ बाय २४ सेंमी.

निखिल, सी-९०४ (दु. १:१३)
म्हणजे ७४४ चौरस सेंमी. काकू, हिशोब मी करतो.

मध्यम बटाट्याचे चार केले की एक फोड २५ ग्रॅमच्या आसपास, तीन-साडेतीन सेंमीची. दोन फोडींमध्ये एक बोट जागा सोडली तर प्रत्येकीला ५ बाय ५ सेंमी लागतात. अर्ध्या किलोच्या २० फोडी, म्हणजे ५०० चौ. सेंमी. आरामात बसतात.
फ्लॉवरचा तुरा रुंद असतो, त्याला ६ बाय ६ धरा. २० ग्रॅमचा एक तुरा म्हणजे ४०० ग्रॅमचे २० तुरे, ७२० चौ. सेंमी. जेमतेम बसतात.
दोन्ही मिळून १२२० होतात. ट्रे आहे ७४४ चा. म्हणून पाणी सुटलं, सुजाताताई.

सुजाता, बी-१४०२ (दु. १:१६)
मग दुसरा ट्रे वरच्या जाळीवर ठेवू का? ट्रे आहे माझ्याकडे.

निखिल, सी-९०४ (दु. १:१९)
ओटीजीत नको. वरचा ट्रे वरच्या रॉडची उष्णता अडवतो, खालचा खालच्या रॉडची. एकाची फक्त वरची बाजू भाजेल, दुसऱ्याची फक्त खालची. पंखा असलेल्या मोठ्या ओव्हनमध्ये जमतं, तेही ट्रे मध्ये अदलाबदल करून.

मेधाकाकू, ए-६०३ (दु. १:३०)
दोन घाणे काढ. आधी बटाटा, मग फ्लॉवर. दोघांचा वेळ वेगळा असल्यामुळे हेच सोपं पडतं. एकत्र ठेवलं तर बटाटा भाजेपर्यंत फ्लॉवरच्या कडा जळतात. क्रम असा:

फ्लॉवर आत्ताच चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून, पंख्याखाली सुती फडक्यावर पसरून ठेव. दांडा वर करून ठेव म्हणजे तुऱ्यातलं पाणी खाली फडक्यात उतरेल. निथळलं म्हणजे कोरडं झालं असं नाही. तुऱ्याच्या दाण्यांमध्ये पाणी अडकून बसतं, दोन तास तरी दे. आणि मोठे तुरे हाताने तोडून मोकळे करण्याऐवजी दांड्यातून सुरीने उभे अर्धे कर. सपाट बाजू मिळते, ती ट्रेला पूर्ण टेकते. गोल तुरा दोन-तीन ठिपक्यांवर उभा राहतो, तेवढेच ठिपके लाल होतात.

बटाटे सोलून फोडी कर, गार पाण्यात घाल. एक लिटर पाण्याला दोन छोटे चमचे मीठ आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं. कडेला सुरी सहज जाते पण मध्ये थोडी अडते, तिथे थांबायचं. पाणी काढून पातेल्यावर झाकण ठेव आणि चार-पाच वेळा जोरात हलव. फोडींच्या कडा पिठूळ, खरखरीत दिसायला हव्यात. मग झाकण काढून पाच मिनिटं वाफ जाऊ दे.

स्मिता, डी-५०५ (दु. १:३४)
काकू सोडा कशाला? चव लागत नाही का?

मेधाकाकू, ए-६०३ (दु. १:३८)
एवढ्याने नाही लागत. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, बटाट्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन वरच्या वर सैल होतं. बाहेर स्टार्चची साय येते, तीच पुढे कुरकुरीत कवच होते. जास्त घातलास किंवा जास्त वेळ उकळलंस तर मात्र भाजीऐवजी भरीत हाती येईल.

निखिल, सी-९०४ (दु. १:४७)
आता ओव्हन. २२० अंश, दोन्ही रॉड चालू, जाळी खालून दुसऱ्या खाचेत. किमान १५ मिनिटं तापवा. लाल दिवा लवकर बंद होतो, पण तेव्हा फक्त हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे नाही. रिकामा ट्रेसुद्धा आतच तापू द्या. तेल लावलेली फोड ठेवताच चुर्र आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर ट्रे थंड आहे.

ट्रे काळा, जाड असेल तर उत्तम. फॉइल नका घालू, फोडी चिकटतात आणि फॉइलसकट उचलल्या जातात. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यांवर फार विश्वास नको, १५-२० अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर असेल तर बघा. आणि प्लग १६ अँपियरच्या सॉकेटमध्येच, एक्स्टेंशन बोर्डवर नको.

पाटीलकाका, ए-२०१ (दु. १:५२)
आमच्याकडे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे. त्यात?

निखिल, सी-९०४ (दु. १:५६)
काका, फक्त कन्व्हेक्शन मोडवर आणि खालच्या उंचीच्या जाळीवर, कॉम्बी नको. बरेच मायक्रोवेव्ह २०० च्या वर जात नाहीत. मग वेळ आठ-दहा मिनिटं वाढवा आणि भाजी निम्मी घ्या. ताट लहान असतं, तिथे दाटी लगेच होते.

मेधाकाकू, ए-६०३ (दु. २:०५)
तेल: बटाट्याला दोन मोठे चमचे, फ्लॉवरलाही तेवढंच. फ्लॉवर कमी वजनाचा असला तरी दाणेदार असल्यामुळे जास्त पितो. तेल परातीत हाताने चोळायचं, ट्रेवर वरून नाही. फ्लॉवरला मीठ अगदी ट्रेवर ठेवायच्या आधी लाव, आधीपासून लावून ठेवलंस तर पुन्हा पाणी सुटेल. हळद आधी चालेल. तिखट आणि गरम मसाला शेवटच्या चार-पाच मिनिटांत, नाहीतर २२० ला जळून कडू होतात.

उलटणं फक्त एकदा. बटाटा २० व्या मिनिटाला, फ्लॉवर १२ व्या. त्याआधी दार उघडू नकोस. एक फोड कालथ्याने हलकेच उचलून बघ: सहज सुटली आणि खालून गडद सोनेरी असली तर सगळ्या उलट. चिकटून बसली असेल तर अजून कवच धरलेलं नाही, ओढलीस तर ते ट्रेवरच राहील. तीन मिनिटं थांब. उलटल्यावर बटाट्याला अजून १५ मिनिटं, फ्लॉवरला ८ ते १०.

सुजाता, बी-१४०२ (दु. २:०९)
दर पाच मिनिटांनी हलवलं ते चुकलं तर.

मेधाकाकू, ए-६०३ (दु. २:११)
हो. हलवलं की तापलेली बाजू उचलली जाते आणि गार बाजू खाली जाते, एकही बाजू पूर्ण कोरडी होत नाही. शिवाय दर वेळी दार उघडून ओव्हन गार झाला तो वेगळा.

स्मिता, डी-५०५ (दु. २:१८)
आमचं उलटं होतं. बटाटे दहा मिनिटांतच चॉकलेटी, काळपट होतात आणि आत कच्चे राहतात. २०० ला ठेवून पण.

मेधाकाकू, ए-६०३ (दु. २:२१)
बटाटे फ्रिजमध्ये ठेवतेस का?

स्मिता, डी-५०५ (दु. २:२२)
हो 🙈 वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून एकदम पाच किलो आणतो, मोड येऊ नयेत म्हणून खालच्या कप्प्यात.

मेधाकाकू, ए-६०३ (दु. २:२७)
तेच कारण. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. साखर लवकर लाल होते आणि मग कडू, काळी पडते, तोवर आतला भाग शिजलेला नसतो. टोपलीत, अंधारात, हवेशीर ठेव, कांद्यापासून लांब. फ्रिजमधले आठवडा-दोन आठवडे बाहेर ठेवलेस तर साखर बरीच कमी होते. घाई असेल तर ते भाजीला किंवा वड्याला वापर, ट्रेवर नको.

सुजाता, बी-१४०२ (सं. ६:५८)
बटाटा झाला!! फोटो बघा. कडा काय कुरकुरीत झाल्यात. आता फ्लॉवर जातोय. बटाटे झाकून ठेवू का गरम राहायला?

मेधाकाकू, ए-६०३ (सं. ७:००)
अजिबात नाही! झाकलेस की वाफेने कवच मऊ. जाळीवर उघडे राहू देत. फ्लॉवर पाणी जाऊन आक्रसतो, ट्रेवर जागा होते. शेवटच्या चार मिनिटांत तिखट भुरभुरून बटाटे त्या मोकळ्या जागांत ठेव, दोन्ही गरम होतील.

सुजाता, बी-१४०२ (सं. ७:१६)
उलटले. आतली रांग मस्त लाल आहे, पण दाराकडची रांग फिकी.

निखिल, सी-९०४ (सं. ७:१७)
काचेच्या दारातून उष्णता जाते, ती बाजू गारच असते. ट्रे अर्धा फिरवून आत सारा, दाराकडची रांग मागे. पुढच्या वेळी उलटतानाच फिरवायचा.

सुजाता, बी-१४०२ (सं. ७:३२)
बाहेर काढला. पाणी नाही, रंग दोन्हीकडून. पाटीलकाका, नऊला डबा पाठवते.

पाटीलकाका, ए-२०१ (सं. ७:३३)
डब्याचं झाकण लावू नकोस हो, मऊ पडेल.