अनुभव धागा: मोठं डाउनलोड मध्येच तुटलं, मग पुढे काय झालं?

शाईपेन

आम्ही ऐकण्याचे पाठ ॲपमधून देतो. एका संचात ४० पाठ, प्रत्येक साधारण ३० एमबी, सगळे मिळून एक १२०० एमबीची झिप फाइल. एवढं मोठं काही एका दमात उतरत नाही. नेट जातं, फोन ॲपला झोपवतो, बॅटरी संपते. पुन्हा सुरू केल्यावर काहींचं डाउनलोड थांबलं तिथून पुढे जातं, काहींचं शून्यावर येतं. आणि काहींचं पुढे जाऊन पूर्ण होतं, पण नंतर सगळे पाठ उघडतच नाहीत. या तिसऱ्या प्रकाराने मला सगळ्यात जास्त छळलंय, कारण बिचाऱ्या ऐकणाऱ्याला वाटतं की सगळं नीट पार पडलं.

तुम्ही वापरणारे असा की बनवणारे, पडद्यावर नेमकं काय दिसलं, काय लिहून आलं, तेवढं सांगा. जागा अपुरी पडल्याचे अनुभवही हवे आहेत.

मधली_सुट्टी

माझा अनुभव १००% चा आहे. पट्टी पूर्ण भरली, १००% लिहून आलं आणि तिथेच सगळं थांबलं. पाठ दिसेनात, काही चालू आहे असंही कळेना. बराच वेळ वाट पाहून ॲप बंद करून पुन्हा उघडलं, तर ‘त्रुटी आली’ म्हणून डाउनलोड सरळ शून्यापासून सुरू! पूर्ण उतरलेली फाइल ॲपने का फेकली, हे मला आजवर कळलेलं नाही.

जुना_खांब

मधली_सुट्टी, तुमचं कोडं बहुतेक असं आहे. १००% नंतर ॲप झिप उलगडत होतं, पण त्या कामाला पडद्यावर जागाच ठेवलेली नव्हती. ते अर्ध्यात बंद झालं. पुन्हा उघडल्यावर ॲपने पाहिलं की फाइल आहे पण उलगडलेली नाही, म्हणून सर्व्हरला म्हणालं, ‘याच्या पुढचं दे’. पुढे काही उरलंच नव्हतं, तेव्हा सर्व्हरने ४१६ हे उत्तर दिलं, म्हणजे मागितलेला भाग फाइलमध्ये नाही. ॲपने त्याला सरसकट त्रुटी समजून सगळं पुसलं. खरं तर ४१६ आल्यावर आधी हातातल्या फाइलची लांबी एकूण लांबीशी जुळते का ते बघायला हवं. जुळली, तर तपासणी करून थेट उलगडायला घ्यायची.

आता शाईपेन यांचा तिसरा प्रकार. एक विचारतो: बिघडलेल्या संचात सुरुवातीचे पाठ चालतात की शेवटचे?

शाईपेन

हेच विचित्र आहे. यादी पूर्ण ४० पाठांची दिसते. एका ताईंकडे पहिले दोन चालतात, तिसऱ्यापासून चोविसाव्यापर्यंत एकही नाही, आणि पंचविसावा ते चाळिसावा पुन्हा व्यवस्थित. त्यांचं डाउनलोड ७०० एमबीच्या आसपास तुटलं होतं. आणि हो, त्याच सुमाराला आम्ही तिसऱ्या पाठाचं ध्वनिमुद्रण दुरुस्त करून फाइल त्याच पत्त्यावर बदलली होती.

जुना_खांब

मग सापडलं. त्यांच्या फोनवरचे पहिले ७०० एमबी जुन्या फाइलचे आहेत आणि उरलेले नव्या फाइलचे. झिपमध्ये कुठला पाठ कुठे सुरू होतो याची सूची फाइलच्या शेवटी असते. शेवट नवा आला, म्हणून यादी पूर्ण दिसते. पण ही सूची नव्या फाइलच्या जागा सांगते. तिसऱ्या पाठाची लांबी बदलल्यामुळे त्याच्या पुढचं सगळं सरकलंय, आणि ७०० एमबीच्या आत मात्र अजून जुनी मांडणी आहे. ३० एमबीच्या हिशोबाने चोविसावा पाठ ६९० ते ७२० एमबीमध्ये येतो, म्हणजे बरोबर जोडावर. त्याच्या पुढचे सगळे नव्या भागात, म्हणून शाबूत.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. पुढचा भाग मागताना नुसतं ‘७०० एमबीपासून दे’ म्हणायचं नाही. पहिल्यांदा फाइल आली तेव्हा सर्व्हरने तिची जी खूण दिली होती, ती परत दाखवायची:

```
GET /sanch.zip HTTP/1.1
Host: example.org
Range: bytes=734003200-
If-Range: "a41f9c"
```

खूण जुळली तर सर्व्हर २०६ देतो आणि फक्त उरलेला भाग पाठवतो:

```
HTTP/1.1 206 Partial Content
Content-Range: bytes 734003200-1258291199/1258291200
ETag: "a41f9c"
```

खूण जुळली नाही तर २०० येतं आणि नवी फाइल पहिल्यापासून येते. अशा वेळी ॲपने जुना तुकडा टाकून द्यायचा, त्याच्या शेपटीला नवं जोडायचं नाही.

चौकोन_कागद

इतकं कशाला करायचं? डाउनलोड संपल्यावर फाइलची साइझ तपासायची. जुळली तर ठीक, नाही तर परत उतरवायची. मी माझ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये हेच करतो, कधी अडलं नाही.

जुना_खांब

तुमची तपासणी एका बिघाडाला नक्की पकडते. सर्व्हरने २०० देऊन अख्खी फाइल पाठवली आणि ॲपने ती जुन्या ७०० एमबीला जोडली, तर १९०० एमबी होतात. साइझ बघितली की लगेच कळतं.

पण ताईंच्या फाइलची साइझ बघा. जुन्यातले ७०० एमबी, अधिक नव्या फाइलमधलं ७०० एमबीच्या पुढचं सगळं. बेरीज नव्या फाइलच्या लांबीइतकीच, बाइटचाही फरक नाही. साइझ जुळते आणि आतमध्ये बावीस पाठ गेलेले असतात. शिवाय काही डाउनलोडर सुरुवातीलाच पूर्ण लांबीची फाइल आखून ठेवतात आणि तुकडे मागून भरतात. तिथे साइझ पहिल्या मिनिटापासून बरोबर दिसते. म्हणून शेवटी पूर्ण फाइलचा `sha256` काढून तो संचाच्या माहितीतल्या आकड्याशी जुळवावा लागतो. फोनवर त्याला थोडा वेळ लागतो, पण हा वेळ सत्कारणी लागतो.

चौकोन_कागद

जोडाच्या बेरजेचं पटलं. तरी पत्ताच बदलला, म्हणजे नव्या फाइलला नवं नाव दिलं, तर ही सगळी भानगड उरणार नाही ना?

जुना_खांब

ही भानगड उरणार नाही, खरंय. जुनी फाइल काही काळ तशीच राहू द्यायची, म्हणजे अर्ध्यात असलेल्यांना ती पूर्ण करता येते. If-Range तरीही ठेवाच, कधीतरी कोणीतरी त्याच नावाने फाइल बदलतंच.

रविवार_दुपार

मी व्हिडिओ पाठ चढवते, मोठे असतात. ८०% वर तुटलं की परत पहिल्यापासून. वर दिलेली ती Range ची ओळ मला कुठे लिहावी लागेल?

जुना_खांब

रविवार_दुपार, तुमचं काम उलट दिशेचं आहे. ती ओळ फाइल आणण्यासाठी आहे. चढवताना ‘माझ्याकडे इतकं पोचलंय’ हे सर्व्हरला सांगता यायला हवं, आणि त्यासाठी त्याच्या बाजूलाच सोय लागते. tus नावाची खुली पद्धत नेमकी यासाठी आहे. तुम्ही जिथे चढवता तिथे ती आहे का, हे आधी विचारा.

अडगळीची_खोली

मी जागेबद्दल लिहितो. आमच्या घरातल्या फोनमध्ये जागेची कायम मारामारी. एकदा असाच १२०० एमबीचा संच घेतला. १४०० एमबी मोकळे होते, ॲपने ‘पुरेशी जागा आहे’ म्हणून सुरुवात केली, आणि सगळं उतरल्यावर उलगडताना जागा संपली. ध्वनिफाइल आधीच दाबलेल्या असतात, झिप करून त्या फारशा लहान होत नाहीत. म्हणजे झिपचे १२०० आणि बाहेर आलेले १२००, एका क्षणी दोन्ही फोनवर. २४०० मोकळे हवेत हे आधी सांगायला काय हरकत होती?

दुसऱ्या एका ॲपने उलटी गंमत केली. ७०० एमबी उतरून झाले होते, १८०० मोकळे होते, आणि पुढे सुरू करताना ते म्हणतं २४०० हवेत. अहो, ७०० तर आधीच फोनवर आहेत! उरलेले ५०० आणि उलगडायला १२००, म्हणजे १७०० पुरे होते. मी फोटो पुसत बसलो ते विनाकारण.

शाईपेन

हे सोन्यासारखं आहे. आमचा संदेश नुसता ‘जागा अपुरी’ एवढाच आहे. आता तो असा करते: ‘आणखी १७०० एमबी लागतील, १४०० मोकळे आहेत, ३०० कमी पडतात.’

मी आमचा सर्व्हरही तपासला. ॲपच्या जुन्या आवृत्तीत If-Range नव्हतंच, तिसरा प्रकार सगळा तिथला. नव्या आवृत्तीत आहे, तरी काहींचं शून्यावर का येतं ते बघायला ही आज्ञा पुन्हा पुन्हा चालवली:

```
curl -sI https://example.org/sanch.zip
```

फाइल तीच, पण ETag कधी एक येतो, कधी दुसरा. आमच्याकडे मागे दोन सर्व्हर आहेत.

जुना_खांब

अगदी नेहमीचं. फाइलच्या डिस्कवरच्या अंतर्गत क्रमांकावरून खूण बनत असेल, तर दोन यंत्रांवर ती वेगळीच निघणार. जुन्या अपाचीमध्ये ठरावीक मांडणीच तशी होती. खूण फाइलच्या मजकुरावरून बनवा, नाही तर दोन्हीकडे साइझ आणि बदलाची वेळ तंतोतंत सारखी ठेवून त्यांवरून. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेताना तिची वेळ टिकते ना, हेही पाहा.

अडगळीची_खोली

मुळात झिप हवीच कशाला? ४० पाठ सुटे द्या. एक उतरला की लगेच ऐकता येतो, तुटलं तर ३० एमबीच्या आत तुटतं, आणि दुप्पट जागेचा प्रश्नच नाही.

शाईपेन

ऐकणाऱ्यासाठी ते बरं आहे. पण काही जण संच एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देतात, त्यांना एकच फाइल हवी असते. दोन्ही ठेवायचे तर आमचं काम वाढतं. अजून ठरलेलं नाही.

कानोसा

मी पडदा बघत नाही, ऐकते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी पट्टीचं काय, ते कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. एक ॲप प्रत्येक टक्का वाचून दाखवायचं, त्यात दुसरं काहीच ऐकू येत नसे. दुसरं फक्त ‘डाउनलोड सुरू आहे’ म्हणायचं, नेट गेलं तरी तेच. मला हवं असतं ते एवढंच: ‘१२०० पैकी ७०० एमबी झाले, नेटची वाट पाहत आहे.’ टक्क्यापेक्षा एमबी कळले की आज संपेल का याचा अंदाज येतो. तपासणी आणि उलगडणं यांनाही वेगळी नावं द्या, म्हणजे मधली_सुट्टी यांच्यासारखं कोणी मध्येच बंद करणार नाही.

आपोआप किती वेळाने बोलावं, हे मला अजून सांगता येत नाही. मला दर १०० एमबीला चालतं. माझ्या मैत्रिणीला मात्र स्थिती बदलली तरच ऐकायचं असतं.