प्रतिसाद: उद्योजकांच्या संघटनेतून शिकायचं कसं?

>> "असोसिएशनची फी भरली, दोन मीटिंगांना बसलो. चहा-समोस्यापलीकडे काही मिळालं नाही. अनुभवी माणूस गाठायचा कसा?"

मोठ्या सभेत कुणी आपला हिशोब उघडत नाही. वीज किंवा जीएसटीच्या उपसमितीत काम मागून घ्या. तिथे पाच-सहा जणच असतात, एकत्र निवेदन लिहिता लिहिता ओळख पक्की होते. मला माझे मार्गदर्शक काका (नात्याने नव्हे, सगळे त्यांना काकाच म्हणतात) वीजबिलाच्या समितीतच भेटले. त्यांचं प्रेसिंगचं काम, माझं सीएनसी जॉबवर्क. गिऱ्हाईक वेगळं, म्हणून ते मोकळेपणाने बोलले. आपल्याच धंद्यातल्या शेजाऱ्याकडून दर कळण्याची अपेक्षा ठेवू नका.

"मार्गदर्शन करा" असं मोघम म्हणू नका, एक कागद घेऊन जा. मी तोट्यातल्या जॉबचं कोटेशन नेलं होतं. मशीनचा ताशी खर्च ४५० रुपये, नगाला ४ मिनिटं, म्हणजे ३० रुपये. मी दर दिला होता ३२. काकांनी कागदावर पेन्सिल टेकवून विचारलं, "सेटिंगला किती वेळ?" दोन तास. म्हणजे ९०० रुपये, आणि लॉट १०० नगांचा. नगामागे ९ रुपये मी धरलेच नव्हते! खरा खर्च ३९. पाचशेचा लॉट असता तर सेटिंग नगाला १.८० वर आलं असतं, तेव्हाही हातात वीसच पैसे. त्या दिवसापासून माझ्या कोटेशनमध्ये सेटिंगची ओळ वेगळी असते आणि किमान लॉट लिहिलेला असतो.

पुढच्या महिन्यात काय बदललं ते त्यांना जाऊन सांगा. काकांनी नंतर स्वतःहून त्यांची खर्चाची वही दाखवली.