मदत हवी आहे: ग्राहकांचे खरे अभिप्राय साइटवर टाकले की खोटे का वाटतात?

घाणेवाली_जाऊ

मी आणि माझ्या जाऊबाई तीन वर्षं मिरजेजवळ लाकडी घाण्याचं तेल काढतो. शेंगदाणा, करडई आणि थोडं खोबरेल. गेल्या महिन्यात साइट करून घेतली. पहिल्याच पानावर ग्राहकांच्या अभिप्रायांची सरकती पट्टी आहे, सहा कार्डं. परवा भाच्यानं पाहिली आणि म्हणाला, "मामी, हे पैसे देऊन लिहून घेतलंत का?"

लागलंच मनाला. कारण सहाही ग्राहक खरे आहेत, मेसेज माझ्या फोनवर आहेत! साइटवाल्या मुलानं फक्त "जरा व्यवस्थित" केले. एक उदाहरण देते. मूळ मेसेज असा होता:

"ताई तेल मिळाले. पहिल्या दिवशी भजी तळताना कढईत फेस आला वरपर्यंत, म्हटलं भेसळ दिसते. तुम्हाला फोन केला तेव्हा कळलं. आता कढई अर्धीच भरते. चकल्या आठ दिवसांनी पण खवट नाही लागल्या. डबा मात्र जड आहे ओतायला, नरसाळं द्या सोबत"

साइटवर आलं ते असं:

"अप्रतिम दर्जा आणि उत्कृष्ट सेवा! आमच्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी सर्वोत्तम निवड. – एस. के., सांगली" आणि वर पाच तारे. तारे कुणी दिले देव जाणे, व्हॉट्सॲपवर कुठले तारे?

तर हे खरं कसं वाटेल? भाषा किती सुधारली तर चालते? आणि तक्रारीचं वाक्य ठेवायचं की काढायचं?

पक्या_कोडर

सोपं आहे. गुगलचे रिव्ह्यू आपोआप ओढणारं विजेट लावा, फिल्टर फक्त पाच तारेवाल्यांचा ठेवा. शिवाय कोडमध्ये `aggregateRating` घाला, म्हणजे गुगलच्या शोधात तुमच्या नावाखाली पिवळे तारे दिसतील. आणि पट्टी आपोआप सरकवू नका, वाचता वाचता कार्ड पळून जातं. मी हे वापरतो:

```css
.abhipray { display: flex; gap: 16px; overflow-x: auto;
  align-items: flex-start; scroll-snap-type: x mandatory; }
.abhipray > * { flex: 0 0 85%; scroll-snap-align: start; }
```

८५ टक्के रुंदी मुद्दाम आहे. पुढच्या कार्डाची कड दिसत राहते, मग बोटानं ढकलायचं आहे हे सांगावं लागत नाही.

शनिवारपेठी

दोन लिटर शेंगदाणा काय भाव? पुण्यात पोच आहे का?

घाणेवाली_जाऊ

@शनिवारपेठी व्यनि करते. इथे जाहिरात नको, नाहीतर संपादक धागा उडवतील :)

जुना_उपसंपादक

पक्याचा कोड घ्या, त्यातलं `align-items: flex-start` तर नक्की घ्या. सगळी कार्डं एका उंचीची करायची म्हणून लोक अभिप्राय कापतात किंवा फुगवतात आणि मग सहाही जण एकाच माणसासारखे बोलायला लागतात. एक कार्ड दोन ओळींचं, एक नऊ ओळींचं, असू द्या.

पिवळ्या ताऱ्यांचं मात्र विसरा. धंद्यानं स्वतःच्याच साइटवर स्वतःबद्दलचे अभिप्राय लावले तर गुगल त्याचे तारे शोधात दाखवत नाही, २०१९पासून. एखाद्या मालाच्या पानावर त्या मालाचे अभिप्राय असतील तर गोष्ट वेगळी. आणि फक्त पाच तारेवाले निवडणं म्हणजे भाच्याच्या शंकेला पुरावा देणं.

आता मजकूर. घाण्याचं तेल पहिल्यांदा घेणाऱ्याच्या मनात एकच भीती असते: फेस येतोय, तळाशी गाळ दिसतोय, म्हणजे भेसळ असणार. तुमच्या या बाईंना तीच शंका आली आणि त्यांनीच ती सांगितली. साइटवाल्यानं नेमकं तेच खरवडून टाकलं. "अप्रतिम दर्जा" हे वाक्य दातांच्या डॉक्टरलाही चालेल आणि मोबाइलच्या दुकानालाही. जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही साइटवर खपेल ते काढा. फेस आणि कढई तुमच्याशिवाय कुणाकडे खपणार नाही.

माझा नियम इतकाच: कापता येतं, जोडता येत नाही. कापलं तिथे तीन टिंबं द्या. शुद्धलेखन अर्थ अडत असेल तरच सुधारा. तुम्हीच एकदा कापून इथे टाका बघू.

घाणेवाली_जाऊ

प्रयत्न करते:

"पहिल्या दिवशी भजी तळताना कढईत फेस आला वरपर्यंत, म्हटलं भेसळ दिसते. ... आता कढई अर्धीच भरते. चकल्या आठ दिवसांनी पण खवट नाही लागल्या."

जुना_उपसंपादक

जवळ आलात, पण दोन चुका. "फोन केला तेव्हा कळलं" ही बिजागरी होती. ती काढल्यावर भेसळीची शंका तशीच लोंबकळते. आणि डब्याचं वाक्य गाळलंत. ते परत आणा, त्याच्यामुळेच चकलीवर विश्वास बसतो. कापायचंच तर "तेल मिळाले" कापा.

कार्डाखाली तुमचं उत्तर वेगळ्या रंगात द्या: न गाळलेल्या तेलात बारीक गाळ आणि थोडा ओलावा राहतो, म्हणून फेस येतो. नरसाळं खरोखर देत असाल तरच तसं लिहा. आणि "एस. के." ऐवजी काय घेतलं, केव्हा घेतलं ते लिहा: पाच लिटर शेंगदाणा, दिवाळीच्या आधी, सांगली.

घाणेवाली_जाऊ

नरसाळं दिवाळीपासून देतो, त्यांच्यामुळेच! एक आजोबा लिहितात की करडईच्या तेलानं त्यांची गुडघेदुखी थांबली. त्यांचे शब्द आहेत, जसेच्या तसे टाकू?

जुना_उपसंपादक

अजिबात नको. खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो असा दावा एफएसएसएआयच्या नियमांत बसत नाही. तुमच्या साइटवर तुम्ही निवडून लावलं की तो तुमचाच दावा. आजोबांना फोन करून विचारा, तेल वापरतात कशात. भाकरीवर घेत असतील तर ते टाका.

समुद्राकाठची

आमचा होमस्टे आहे गुहागरला. आम्ही थेट व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट लावले होते, खरे वाटतात म्हणून. एका पाहुणीचा नंबर आणि डीपी तसाच राहिला. तिला दोन अनोळखी फोन आले, मग आम्हाला जो फोन आला तो विचारू नका. तेव्हापासून आधी परवानगी. "हे वाक्य साइटवर लावू का, नाव कसं लिहू?" एवढाच मेसेज, आणि कापलेला मजकूर सोबत.

पक्या_कोडर

ताऱ्यांचं माहीत नव्हतं, मान्य. पण नाव नसेल तर खरं कोण मानणार? पूर्ण नाव आणि फोटो हवाच.

जुना_उपसंपादक

फोटोवर माझा विश्वास कमीच. इंटरनेटवरून उचललेला हसरा चेहरा लोक लगेच ओळखतात. नावाबद्दल माझंही पक्कं मत नाही. पूर्ण नावानं वजन येतं हे खरं, पण गावाकडे बायका नाव द्यायला कां-कूं करतात, आणि परवानगीशिवाय नाव नाहीच.

घाणेवाली_जाऊ

समुद्राकाठचीचा मेसेज उचलून चौघींना पाठवला. फेसवाल्या ताई म्हणाल्या, "नाव घाला की, पण नरसाळ्याचं पण घाला." दुसरीनं "नाव नको, नुसतं 'मिरजेच्या वहिनी' लिही" असं कळवलं. हे चालेल का ते कुणी सांगा, मला ते एस. के.पेक्षाही बनावट वाटतंय. तिसरीचं लांबलचक कौतुक होतं, त्यात "पण भाव परवडत नाही, म्हणून फक्त सणाला घेते" असं आहे. जाऊबाई म्हणतात हे वाक्य लावलं तर गिऱ्हाईक पळेल, मी म्हणते राहू दे. चौथीच्या निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.