मशीनचा मसुदा वापरायचा असेल, तर ग्राहकाशी काय ठरवावं?

मृण्मयी_क
रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची वापरपुस्तिका इंग्रजीतून मराठीत करायचं काम आलं आहे, साधारण 18,000 शब्द. करारात मशीन भाषांतराबद्दल एक ओळही नाही. मी पहिला मसुदा मशीनकडून काढते आणि मग प्रत्येक वाक्य मुळाशी ताडून दुरुस्त करते. ग्राहकाला हे सांगावं का, किती सांगावं, आणि सांगितलं तर दर कमी करावा लागतो का?

रानवाट
माझं मत स्पष्ट आहे, सांगू नका. ग्राहक मराठी मजकूर विकत घेतो, तो आपण कसा तयार केला ते नाही. कोणता शब्दकोश उघडला हे आपण कधी कळवतो का? मजकुराची जबाबदारी माझी, चूक निघाली तर दुरुस्तीही माझी, तीही फुकट. मशीनचा उल्लेख केला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मग अर्ध्या दरात करा." हे माझ्या बाबतीत चार वेळा झालं आहे. रात्र रात्र बसून दुरुस्त केलेल्या कामाला "मशीननेच तर केलंय" असं ऐकून घ्यावं लागलं.

लेखणी
रानवाट, दराबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. चूक निघाली तर जबाबदारी आपली, हेही खरं. पण शब्दकोशाची तुलना इथे लागू पडत नाही. शब्दकोशात आपण एक शब्द शोधतो आणि ग्राहकाचा मजकूर आपल्याजवळच राहतो. मशीनकडे मसुदा मागितला की अख्खा मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. 2017 साली नॉर्वेच्या एनआरके या प्रसारण संस्थेने दाखवून दिलं होतं की Translate.com वर लोकांनी भाषांतरासाठी टाकलेले कार्यालयीन मजकूर इंटरनेटवर शोधून कोणालाही वाचता येत होते. ज्यांनी ते टाकले, त्यांनी चांगल्या हेतूनेच टाकले असणार.

म्हणून मी ग्राहकासमोर दोन प्रश्न वेगवेगळे मांडते. मजकूर कुठे जाणार, हा पहिला. मराठी वाक्याखाली मसुदा कोणाचा होता, हा दुसरा. लोक फक्त दुसऱ्यावर भांडतात. पहिल्यात "वापरलं" आणि "पाठवलं" यांतला फरक निसटतो. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये मशीनचं प्लगइन चालू असेल, तर एखाद्या वाक्यावर कर्सर नेला की ते वाक्य सेवेकडे जातं. सुचवलेलं भाषांतर तुम्ही घेतलं नाही तरी ते गेलेलंच असतं. मग "मी मशीन वापरलं नाही" हे तुमचं वाक्य खरं असूनही गोपनीयतेचा करार मोडलेला असू शकतो. मृण्मयी, ग्राहकाला काहीही लिहिण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन हे बघा.

दालचिनी
मी पलीकडच्या बाजूची आहे, आमच्या विभागासाठी भाषांतरं करून घेते. आम्ही सरळ बंदी घातली आहे, आणि मजकूर आला की तो मशीनने लिहिला का हे ओळखणाऱ्या एका साधनातून काढतो. शिवाय दोन-चार वाक्यं मशीनमध्ये टाकून बघतो, सारखी निघाली तर पैसे थांबवतो. करारात भाषांतर सेवेचं आयएसओ 17100 हे मानक लिहिलेलंच असतं, त्यामुळे वेगळी अट घालायची गरज आम्हाला वाटलेली नाही.

लेखणी
दालचिनी, 17100 बद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात असतं. मशीनचा मसुदा काढून त्यावर दुरुस्ती करणं त्या मानकाच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. त्यासाठी 2017 साली 18587 हे वेगळं मानक आलं. म्हणजे करारात 17100 असेल आणि मी गुपचूप मसुदा मशीनकडून काढला, तर मी कबूल केलेली गोष्ट दिलेलीच नाही, मराठी कितीही सुरेख असो.

वाक्य सारखं निघालं म्हणून पैसे थांबवणं मात्र अन्याय आहे. "बॅटरी बदला" हे माणूसही तसंच लिहिणार. ओळखणाऱ्या साधनांवर तर मी कोणाचंही मानधन टांगणार नाही. ती माणसाच्या लेखनावरही बोट ठेवतात, आणि नीट दुरुस्त केलेला मसुदा त्यांच्या हातून सुटतो. तपासायचंच असेल तर कामाची द्विभाषिक फाइल मागा. बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक वाक्याशेजारी नोंद ठेवतात की ते जुन्या भाषांतरांच्या साठ्यातून आलं, मशीनमधून आलं की हाताने टंकलं. पुरावा म्हणून तीही पुरी नाही, बाहेरून आणून चिकटवलेलं वाक्य तिथे हाताने लिहिलेलं दिसतं. म्हणूनच आधी ठरवणं हा माझा आग्रह आहे, नंतर पकडणं फारसं जमत नाही.

मृण्मयी_क
आत्ताच करार पुन्हा वाचला. तिसऱ्या पानावर 17100 चा उल्लेख आहे. मला तो नुसता शिक्का वाटला होता. म्हणजे सांगणं भागच आहे. पण किती सांगू?

रानवाट
मानकाचा मुद्दा मान्य, करारात असेल तर सांगा. नसेल तर माझं मत तेच. शेवटी प्रत्येक वाक्य माणूस ताडून बघतो, मग फरक उरला कुठे?

लेखणी
फरक चुकांच्या जातीत उरतो. माणूस थकला की त्याचं वाक्य अडखळतं आणि ते वाचताना जाणवतं. मशीनचं चुकीचं वाक्यही गुळगुळीत असतं, डोळा त्यावरून घसरतो. मृण्मयींच्याच पुस्तिकेचं घ्या. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याला इंग्रजीत 'कफ' म्हणतात. मशीन पुष्कळदा तो शब्द तसाच ठेवतं, आणि मराठी वाचक "कफ सैल करा" वाचून खोकल्याचा विचार करतो. ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी बघा. इंग्रजीत 'मे नॉट' हा शब्दप्रयोग मनाई म्हणूनही येतो. "वापरकर्त्याने मोजमाप चालू असताना पट्टा काढू नये" असं हवं, आणि मशीन "वापरकर्ता पट्टा काढू शकणार नाही" असं देतं. मराठी निर्दोष, पण मनाईचं वर्णन झालं. तिसरी अडचण आपल्या 'बंद' या शब्दाची. झाकण बंद आणि वीज बंद, दोन्हींना तोच शब्द. "बंद असल्याची खात्री करा" एवढंच उरलं, तर नेमकं काय तपासायचं ते वाचकाला कळत नाही.

म्हणून इशाऱ्यांच्या प्रकरणात मी मसुदा घेतच नाही. बाकी ठिकाणी आधी मूळ वाक्य वाचते, मग मराठीकडे बघते, उलट कधीच नाही. शेवटी मुळातली सगळी नकारार्थी वाक्यं आणि 'अनलेस'ची वाक्यं शोधून काढते आणि तेवढीच पुन्हा एकदा ताडते. या फेरीत काहीच सापडलं नाही, असं माझ्या बाबतीत अजून झालेलं नाही.

मृण्मयी, "किती" याचं उत्तर यातून येतं. मी ग्राहकाला असं काहीसं लिहीन: "प्रकरण 2, 4 आणि 5 यांचा पहिला मसुदा अमुक सशुल्क सेवेतून काढला जाईल. पाठवलेला मजकूर साठवला जाणार नाही आणि प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही, असं त्या सेवेच्या अटींत आहे. अटी सोबत जोडल्या आहेत. प्रत्येक वाक्य भाषांतरकार मुळाशी ताडून दुरुस्त करेल. इशारे आणि वापराच्या सूचनांची प्रकरणं 1 आणि 3 थेट मुळावरून होतील. यात बदल करायचा झाल्यास आधी लेखी संमती घेतली जाईल." सेवेच्या अटी खरंच तशा आहेत का हे स्वतः वाचा. फुकट आवृत्तीच्या आणि सशुल्क आवृत्तीच्या अटी बहुधा वेगळ्या असतात. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. मुदत जवळ आली की तिसऱ्या प्रकरणातही मसुदा काढायचा मोह होतो, माझाही झाला आहे.

झुळूक
मी कादंबऱ्यांचं भाषांतर करते. माझ्या करारात "हे भाषांतर माझी स्वतःची निर्मिती आहे" अशी हमी द्यावी लागते. मध्यंतरी एका परिच्छेदात अडकले, मशीनकडून तीन पर्याय मागवले, तिन्ही टाकून चौथा स्वतः लिहिला. तेव्हापासून मनाला टोचणी आहे. हे पुस्तकाच्या सुरुवातीला छापायला हवं होतं का?

लेखणी
झुळूक, तुमचा प्रश्न वेगळा आहे. मृण्मयींनी ग्राहकाला सांगण्याबद्दल विचारलंय, वाचकाला सांगण्याबद्दल नाही. तुमचं वाक्य तुमचंच आहे असं मला वाटतं, पण तेवढा परिच्छेद बाहेर पाठवलात, हे प्रकाशकाला माहीत असावं. पुस्तकात छापण्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही.

कोरा_कागद
दराचं राहिलंच. मी नमुना घेऊन बोलतो. अशाच एका पुस्तिकेत देखभालीच्या प्रकरणातले 300 शब्द हाताने केले, 45 मिनिटं लागली. त्याच प्रकरणातले दुसरे 300 मसुद्यावरून ताडून केले, 25 मिनिटं. तेच 300 पुन्हा करू नका, दुसऱ्यांदा ते पाठ झालेले असतात. इशाऱ्यांच्या प्रकरणात हाताने 50 मिनिटं आणि मसुद्यावरून 55 लागली, म्हणजे तोटाच. देखभाल आणि अडचणींचे तक्ते मिळून 10,000 शब्द होते, तिथे 25 तासांचं काम 14 तासांवर येत होतं. हा हिशेब मी ग्राहकासमोर ठेवला. सवलत फक्त त्या 10,000 शब्दांवर, तीही वाचलेल्या वेळेचा काही भाग. उरलेल्या शब्दांना पूर्ण दर. त्याने घासाघीस केली, पण "अर्ध्यात करा" म्हणाला नाही, कारण अर्धं कशाचं हे त्याला दाखवता येत नव्हतं.

रानवाट
हे मला पटतं. आधी मोजून मग बोलायचं, हे मी कधी केलं नाही. तरी एक विचारतो. मध्ये एजन्सी असेल तर? मी एजन्सीला सांगितलं, तिने मूळ ग्राहकाला सांगितलंच नाही, आणि सवलत मात्र माझ्याकडून घेतली. हे माझ्याबाबत झालं आहे. तेव्हा प्रामाणिक राहून मी फक्त पैसे गमावले.

दालचिनी
आमच्या बाजूने सांगते, आम्हाला ते कळायला मार्गच नसतो. भाषांतरकाराचं नावही माहीत नसतं. एजन्सीकडून लेखी घ्यायला हवं, हे मी आज उचलते. आणि सरसकट बंदीऐवजी प्रकरणवार परवानगी द्यायची का, हे आमच्या विधी विभागाला विचारावं लागेल. ते नाही म्हणतील असं वाटतं.

लेखणी
रानवाट, एजन्सीच्या पलीकडे थेट लिहावं का, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. बहुतेक करार मूळ ग्राहकाशी बोलायला मनाई करतात. मी एवढंच करते, की काम पाठवताना फाइलसोबतच्या नोंदीत कोणत्या प्रकरणांना मसुदा होता ते लिहून ठेवते. एजन्सी ती नोंद काढून टाकू शकते.

मृण्मयी_क
प्लगइन तपासलं. चालू होतं, मागच्या कामापासून. नमुन्यासाठी आलेली दोन पानं मी त्यातच उघडली होती. ते आता बंद केलं, आणि ग्राहकाला मसुद्याच्या परवानगीच्या पत्रात तेही लिहिलं आहे. ते पुढच्या आठवड्यात कळवतील. तोवर प्रकरण 1 हाताने सुरू करते.