मदत हवी आहे: दुकानाची ओव्हरड्राफ्ट मर्यादा १० लाखांवरून २० लाख करण्यासाठी बँकेला पत्र

परतूरकर
नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. दुकानातला माल तारण आणि जोडीला घर गहाण, यावर बँकेची १० लाखांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो, हप्ता-व्याज कधी थकलेलं नाही.

अडचण अशी की मे-जूनमध्ये डिस्ट्रिब्यूटर रोखीवर चांगली सूट देतो, पण तेव्हाच मर्यादा संपलेली असते. मग उधारीवर माल उचलावा लागतो आणि सूट जाते. म्हणून खरिपाच्या आधी मर्यादा २० लाख करून हवी आहे.

विक्री (कर सोडून): २०२२-२३ मध्ये ८० लाख, २०२३-२४ मध्ये ९० लाख, २०२४-२५ मध्ये १ कोटी २ लाख. शेवटचा आकडा अजून ऑडिट व्हायचा आहे.

शाखेत तोंडी विचारलं तर साहेबांनी जीएसटीचे कागद बघून सांगितलं, "तुमच्या उलाढालीवर साडेचौदाच्या वर बसत नाही." हे साडेचौदा कुठून आले ते कळलं नाही. मी पत्र असं लिहिलंय:

"माझा व्यवसाय दिवसेंदिवस वाढत असून भांडवल अपुरे पडत आहे. तरी माझी ओव्हरड्राफ्ट मर्यादा २० लाख करून द्यावी ही नम्र विनंती."

यात काय घालू?

शिवारफेरी
दादा, किसान क्रेडिट कार्ड काढा ना. व्याजात सवलत मिळते, सातबारा लागतो फक्त. आमच्या गावात सगळ्यांनी काढलंय.

परतूरकर
भाऊ, ते पिकासाठी. मला दुकानात माल भरायला पैसे हवेत.

मृण्मयी_आर्टिकलशिप
काका, छोट्या व्यवसायाला अंदाजित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल बँकेने द्यायचंच असतं, नायक समितीचा नियम आहे. तुमचे १०२ लाख धरले तरी २०.४० लाख होतात. पुढच्या वर्षी ११५ लाख धरले तर २३ लाख. सरळ २३ मागा, तो तुमचा हक्क आहे.

कर्ज_विभाग_निवृत्त
मृण्मयी, वीस टक्क्यांचा हिशेब बरोबर आहे, "हक्क" मात्र नाही. ती अंदाजित उलाढाल बँकेला पटावी लागते, आणि व्यापाऱ्याने स्वतःचे किमान पाच टक्के घालावे लागतात. ८० चे ९०, ९० चे १०२, म्हणजे दरसाल साडेबारा-तेरा टक्के वाढ. त्यामुळे ११५ लाख कोणालाही पटेल. १५० लिहिले असते तर पहिल्याच पानावर पेन्सिलची खूण पडली असती.

परतूरकर, तीन गोष्टी सांगा. एक, बियाण्याची विक्री किती? दोन, वर्षभरात या ओव्हरड्राफ्ट खात्यात एकूण किती रक्कम जमा झाली? तीन, क्यूआर कोडचे पैसे कुठल्या खात्यात जातात?

कराडचा_हार्डवेअरवाला
माझा अनुभव सांगतो. मी मर्यादा ८ वरून १५ केली. प्रोसेसिंग फी पूर्ण १५ वर लागली, आणि उचलायची वेळ आली तेव्हा सव्वानऊच्या वर पैसे निघेनात! मॅनेजर म्हणाले, माल तेवढा दाखवा. तेव्हा नुसती मर्यादा वाढून उपयोग नाही. आणि उद्यम नोंदणी असेल तर ती जोडा. २०२१ पासून दुकानदारांनाही मिळते. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. कागद अपुरे असतील तर मात्र ते दिवस मोजले जात नाहीत.

परतूरकर
साहेब, बियाणं ३० लाख, खत ४४, औषधं २८. ओव्हरड्राफ्ट खात्यात वर्षभरात ६३ लाख जमा. क्यूआर दुसऱ्या बँकेच्या चालू खात्याला जोडलेला आहे, तिथे २६ लाख आले. उद्यम आहे.

कर्ज_विभाग_निवृत्त
सापडले तुमचे साडेचौदा.

बियाण्यावर जीएसटी नाही. त्यामुळे जीएसटीआर-३बी मध्ये तुमची खत-औषधांची विक्री 3.1(a) या ओळीत येते आणि बियाण्याची खाली 3.1(c) मध्ये, करमुक्त म्हणून. साहेबांनी फक्त पहिली ओळ बघितलेली दिसते. ४४ अधिक २८ म्हणजे ७२ लाख, त्याचे वीस टक्के १४.४०. तुमची ३० लाखांची विक्री कागदावर आहे, पण त्यांच्या बेरजेत नाही. पत्रात दोन्ही ओळी वेगळ्या लिहून बेरीज दाखवा. एवढ्यानेच अर्धं काम होईल.

उरलेलं अर्धं जास्त अवघड आहे. शाखेतला माणूस विक्री ऐकतो आणि लगेच खात्यातली जमा बघतो. तुम्ही म्हणता १०२ लाख विकले, खात्यात आले ६३. मधले कुठे गेले हे तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतः अंदाज बांधेल, आणि तो तुमच्या बाजूचा नसेल. खत ५ टक्के, औषध १८ टक्के धरलं तर कराचे साधारण सव्वासात लाख होतात. म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे एकूण १०९ लाख. त्याचा ताळा लावा.

परतूरकर
६३ खात्यात, २६ क्यूआरच्या खात्यात. शेतकऱ्यांकडची उधारी वर्षभरात ६ लाखांनी वाढली. राहिलेले १४ लाख रोख आले तसे हमाली, भाडं, पोरांचे पगार आणि घरखर्चाला गेले.

मृण्मयी_आर्टिकलशिप
काका, एक लक्षात ठेवा. एकाच माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर प्राप्तिकरात तो खर्च धरत नाहीत. (ट्रकभाड्याला मर्यादा जास्त आहे.) पत्रात "रोखीने खर्च" लिहिण्याआधी तुमच्या सीएंना विचारा. हे पत्र बँकेच्या फायलीत कायम राहणार.

कर्ज_विभाग_निवृत्त
हे मृण्मयीने फार चांगलं सांगितलं. आणि क्यूआर आजच ओव्हरड्राफ्ट खात्याला जोडून घ्या. २६ लाख दुसरीकडे फिरतात हे बँकेला खुपतंच. पैसे या खात्यात आले की त्या दिवसापासून तुमचं व्याजही कमी होतं.

आता कराडकरांच्या मुद्द्याकडे. मर्यादा हे झाकण, आत किती आहे ते दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट ठरवतं. जूनअखेर तुमच्याकडे माल किती असतो?

परतूरकर
३० लाखांच्या आसपास. त्यात ७ लाखांचा डिस्ट्रिब्यूटरला द्यायचा असतो. ताजी उधारी ८ लाख. फेब्रुवारीत माल जेमतेम ९ लाख, देणं १ लाख.

कर्ज_विभाग_निवृत्त
३० मधून न चुकवलेले ७ गेले, उरले २३. त्यातले २५ टक्के बँक मार्जिन म्हणून सोडते, राहिले सव्वासतरा. उधारीवर मार्जिन तुमच्या मंजुरीपत्रात बघा. ४० टक्के असेल तर ८ चे ४.८०. म्हणजे जूनमध्ये २२ लाखांपर्यंत उचल बसते, २० लाखांची मर्यादा पूर्ण वापरता येईल. फेब्रुवारीत मात्र ९ वजा १, त्याचे पाऊणपट, सहा लाख. तेव्हा २० लाखांची मर्यादा नुसती कागदावर.

म्हणून दोन पातळ्यांवर मागा. हंगामात २०, एरवी आहे तीच १०. हंगामी धंद्याला अशी मर्यादा देण्याची पद्धत आहे, आणि पैसा परत येतो हे तुम्ही आपण होऊन सांगताय याचं वजन पडतं. गेल्या वर्षीचा खातेउतारा जोडा. जानेवारीत शिल्लक खाली आलेली दिसली पाहिजे. बारा महिने काठोकाठ वापरलेल्या खात्याची मर्यादा वाढवायला कोणीही कचरतं.

२३ मागू नका. ताळेबंदात तुमचे स्वतःचे किती पैसे मालात आहेत?

परतूरकर
चालू मालमत्ता वजा चालू देणी, ८.७५ लाख असं सीएंनी लिहिलंय. देण्यांत ओव्हरड्राफ्ट धरलेला आहे.

कर्ज_विभाग_निवृत्त
मग ११५ लाखांचे २५ टक्के म्हणजे २८.७५ लाख लागणार, त्यात ८.७५ तुमचे. उरले बरोबर २०. तुमचा आकडा बरोबरच होता.

कराडचा_हार्डवेअरवाला
साहेब, दोन पातळ्यांची मर्यादा आमच्या शाखेने नाकारली होती. म्हणाले, छोट्या खात्याला सिस्टिममध्ये एकच आकडा टाकतो. आणि उधारी ९० दिवसांच्या वरची धरत नाहीत ना? परतूरकरांचे शेतकरी तर सोयाबीन-कापूस विकल्यावर देणार!

कर्ज_विभाग_निवृत्त
नव्वद दिवसांचं खरं आहे. जूनची उधारी ऑक्टोबरात हिशेबाबाहेर जाते. मंजुरीपत्रात जास्त दिवस लिहून घेता आले तर बघावं, मी काही खात्यांना तसं मिळालेलं पाहिलंय, पण भरवसा देत नाही. दोन पातळ्यांचंही शाखेवर आहे. नाही म्हटलं तर हंगामापुरती तात्पुरती वाढ मागायची, पण ती ठरल्या तारखेला फेडावीच लागते.

परतूरकर
सगळ्यांचं ऐकून पत्र नव्याने लिहिलं. बघा.

"प्रति, मा. शाखाधिकारी.
विषय: ओव्हरड्राफ्ट मर्यादा हंगामात २० लाख करण्याबाबत.

महोदय,
आपल्या शाखेत माझ्या कृषी सेवा केंद्राचे १० लाख मर्यादेचे ओव्हरड्राफ्ट खाते आहे. कर सोडून माझी विक्री २०२२-२३ मध्ये ८० लाख, २०२३-२४ मध्ये ९० लाख व २०२४-२५ मध्ये १०२ लाख (ऑडिटपूर्व) झाली. २०२४-२५ च्या विक्रीत करपात्र ७२ लाख व करमुक्त बियाणे ३० लाख असून दोन्ही आकडे जीएसटीआर-३बी मधील 3.1(a) व 3.1(c) या ओळींशी जुळतात.

करासह येणे १०९ लाखांपैकी ६३ लाख आपल्या खात्यात व २६ लाख क्यूआरद्वारे अन्य बँकेतील चालू खात्यात जमा झाले. उर्वरित रकमेचा तपशील सीएंच्या ताळ्यासोबत जोडला आहे. क्यूआर आता आपल्या खात्याशी जोडला असून यापुढील जमा येथेच होईल.

२०२५-२६ ची अंदाजित विक्री ११५ लाख आहे. खेळत्या भांडवलाची गरज २८.७५ लाख, पैकी माझे ८.७५ लाख आहेत. तरी १५ मे ते ३० नोव्हेंबर मर्यादा २० लाख व उरलेल्या काळात १० लाख ठेवावी, ही विनंती. तीन वर्षांचे ताळेबंद (शेवटचा ऑडिटपूर्व) व विवरणपत्रे, बारा महिन्यांचे जीएसटीआर-३बी, दोन्ही खात्यांचे उतारे, स्टॉक स्टेटमेंट व उद्यम प्रमाणपत्र सोबत आहे."

कर्ज_विभाग_निवृत्त
चांगलं झालंय. ताळ्यावर सीएंची सही-शिक्का घ्या, आणि अर्ज दिल्याची पोच तारखेसह मागा. एकच तपासा, मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटमधला माल आणि ताळेबंदातला अखेरचा साठा एकच आकडा आहे ना?

परतूरकर
स्टेटमेंटमध्ये ४० हजारांनी जास्त आहे. पोराने काही बियाणं छापील किमतीने लावलेलं दिसतंय.

कर्ज_विभाग_निवृत्त
माल खरेदी किमतीनेच लावायचा. आणि मुदत संपलेली पाकिटं त्यात असतील तर तीही काढा. सुधारित स्टेटमेंट आधी द्या, अर्ज त्यानंतर.