शाळेची फी क्रेडिट कार्डावर: 850 रुपये घालवायचे की नाही?

राजारामपुरीची_आई: मुलीची सहामाही फी ₹60,000, भरायची मुदत 15 जून. शाळेच्या ऑनलाइन पानावर क्रेडिट कार्डाला 1.2% आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे जवळपास ₹850. यूपीआयला काहीच नाही. पैसे खात्यात आहेत. नवरा म्हणतोय, "पन्नास दिवस बिनव्याजी आणि वर पॉइंट, कार्डावरच भर." मला हे 850 खुपतायत. तुम्ही काय केलं असतं?

पॉइंटवाला_भाऊ: साहेबांचं बरोबर आहे ताई. माझ्या कार्डाला 1% परत मिळतं, म्हणजे 600 तिथंच वसूल. शिवाय वर्षाचा खर्च ठरावीक आकड्याच्या वर गेला की कार्डाची वार्षिक फी माफ. मी इन्कम टॅक्सपण कार्डावरच भरतो, त्यालाही पॉइंट पडत असणारच.

लक्ष्मीपुरी_हिशेब: भाऊ, "पडत असणारच" इथंच घोळ आहे. दुकानदार कुठल्या प्रकारचा, हे मशीन आणि गेटवे चार आकड्यांच्या कोडनं बँकेला सांगतात. शाळा 8211, भाडं 6513, कर 9311. बऱ्याच कार्डांच्या नियमांत भाडं आणि कर यांना पॉइंट नाहीत, शिक्षणाचं कार्डागणिक वेगळं. फी-माफीच्या खर्चातूनही काही बँका हे कोड वगळतात. ताई, पुढच्या वेळेआधी शाळेची दोन-तीनशेची परीक्षा फी कार्डावर भरून बघा. बिलात पॉइंट दिसले तर ठीक, नाहीतर 600 विसरा.

आता बिनव्याजी दिवसांचं. तुमचं बिल कुठल्या तारखेला निघतं? समजा 12 ला निघतं आणि पुढं 20 दिवसांची मुदत. 13 जूनला भरलंत तर पैसे 1 ऑगस्टला द्यायचे, 49 दिवस मिळाले. तेच 11 ला भरलंत तर 2 जुलैलाच द्यायचे, हातात 21 दिवस. शुल्क दोन्हीकडं तेवढंच, 850.

आणि त्या 49 दिवसांत तुमचे 60,000 कमावणार किती? बचत खात्यावर अडीच टक्क्यांनी 200 रुपये. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत घातले तरी सव्वापाचशेच्या आत. पॉइंट नसतील तर तुम्ही 850 देऊन 200 घेताय.

गुळाची_ढेप: हिशेब बरोबर, पण सगळ्यांच्या खात्यात पैसे पडून नसतात की! माझं मार्केट यार्डात दुकान. सीसी खातं, म्हणजे धंद्यासाठीचं बँकेचं कॅश क्रेडिट कर्जखातं, 11 टक्क्यांचं, कायम उणेमध्ये. 60,000 तिथनं उचलले तर 49 दिवसांचं व्याज 886. कार्ड मला स्वस्त पडतंय.

लक्ष्मीपुरी_हिशेब: 36 रुपयांनी, दादा. तेही 13 ला भरलं तर. 11 ला भरलं तर सीसीचं व्याज 380 आणि कार्डाचे 850. पण मुद्दा मान्य. पैसे उसनेच घ्यायचे असतील तर कार्डाची तुलना उसनवारीच्या दराशी करायची, बचत खात्याशी नाही. ताईंचे पैसे मात्र खात्यात आहेत.

रंकाळा_फेरी: मी घरभाडं अ‍ॅपवरनं कार्डानं देत होतो, 2025 च्या सप्टेंबरात बंद झालं. आता काय करायचं?

लक्ष्मीपुरी_हिशेब: तो वेगळा विषय. रिझर्व्ह बँकेच्या त्या महिन्यातल्या नियमांनंतर, रीतसर व्यापारी म्हणून नोंद नसलेल्या घरमालकाला असे पैसे पोचवणं अ‍ॅपांनी थांबवलं. शाळेच्या स्वतःच्या पानाला त्याचा धक्का नाही. मात्र फी बाहेरच्या अ‍ॅपमधून भरली तर काही बँका वर आणखी 1% लावतात.

कळंबा_रोड: माझं सांगते. गेल्या वर्षी फी कार्डावर भरली, मुदतीला 57,000 भरले आणि "तीन हजार पुढच्या महिन्यात" म्हटलं. पूर्ण रक्कम न भरल्यानं बिनव्याजी सवलतच गेली. पुढच्या महिन्यात किराणा, पेट्रोल, सगळ्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज, महिन्याला साडेतीन टक्के. बिलात finance charges ची ओळ सलग दोन महिने दिसली, तेव्हा कुठं उजेड पडला. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

पॉइंटवाला_भाऊ: पूर्ण भरणाऱ्याला काय भीती? मी तर म्हणतो, भरायचंच.

लक्ष्मीपुरी_हिशेब: तुमच्या 1% वालं कार्ड शाळेला पॉइंट देत असेल, तर 600 पॉइंटचे आणि 200 व्याजाचे, 800 झाले. तरी 50 कमीच. ठेवीत घातले तर मात्र तुम्ही जिंकलात. ताई, शाळेच्या ऑफिसात कार्डाचं मशीन आहे का विचारा. तिथं बहुतेक वेळा हे शुल्क पालकाकडून घेत नाहीत, मग सगळा हिशेबच उलटतो.

राजारामपुरीची_आई: विचारून आले. मशीन आहे म्हणाले, पण सध्या दुसऱ्या शाखेत प्रवेशाच्या टेबलावर गेलंय, सोमवारी या म्हणाले. सोमवारी नसेल तर यूपीआय. आमचं बिल 18 ला निघतं, म्हणजे 15 ला भरून 23 दिवसच मिळणार होते. हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तर म्हणतो, "मग शाळेला मुदत 19 पर्यंत वाढवायला सांग."

गुळाची_ढेप: साहेबांना यार्डात पाठवा, घासाघीस चांगली जमंल.